फुफ्फुसाला दुखत नाही

बसा रे सगळे खाली, मागच्या रांगेतले पण. सावलीत सरका थोडं, ऊन वर आलंय. मुलांनो, जागतिक तंबाखूविरोधी दिवस असतो ३१ मेला, पण तेव्हा आपल्याला सुट्टी असते आणि तुम्ही मामाच्या गावाला असतात, म्हणून आपण तो आज करतोय, शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी. मला मॅडमनी दहा मिनिटं दिलीयेत. गुटखा, मिसरी, खैनी याच्यावर दहावीच्या मुली नंतर बोलणारेत, मी फक्त धुराचं सांगणार, बिडी-सिगरेटच्या.

ही बाटली बघा. पाण्याची साधी बाटली आहे, झाकणाला भोक पाडून नळी बसवलीये आणि नळीत आपल्या शेतातला पांढरा कापूस भरलाय. काल संध्याकाळी शेतात मी बाटलीत पाणी भरलं, नळीच्या तोंडाला एक बिडी लावून पेटवली आणि खालून पाणी सोडलं, म्हणजे पाणी जसं बाहेर गेलं तसा बाटलीने धूर आत ओढला, आपण छातीने ओढतो तसाच. एकच बिडी बरं का. आता हा कापूस बघा, पिवळा-तपकिरी झालाय आणि हाताला चिकटतो, काल धुतलेल्या बोटाचा वास अजून जात नाहीये. हे जे चिकट आहे ना, त्याला टार म्हणतात. बाटलीत कापूस होता, माणसाच्या छातीत कापूस नाही.

छातीत काय आहे? श्वासनळी आत जाऊन तिच्या फांद्या फुटत जातात, फांदीला फांदी, आणि सगळ्यात शेवटी बारीक बारीक फुगे, त्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुफ्फुसात मिळून साधारण ३० कोटी असतात, आणि सगळे उलगडून पसरवले तर अंदाजे ७० चौरस मीटर जागा होईल, म्हणजे आपल्या एका वर्गापेक्षा मोठी. एवढ्या जागेतून ऑक्सिजन रक्तात जातो. आणि नळ्यांच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक झाडू असतात, ते रात्रंदिवस हलत राहतात आणि धूळ अडकलेला चिकट कफ वर ढकलतात. धुराने हे झाडू आधी मंद पडतात, रोजचा धूर असला की मरायला लागतात. मग कफ वर येणार कसा? खोकूनच काढावा लागतो. गल्लीत पहाटे पहाटे खोकणारे म्हातारे ऐकलेत ना तुम्ही, तो बऱ्याचदा हाच खोकला असतो, रात्रभर साचलेला कफ.

तंबाखूच्या धुरात ७००० च्या वर रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. एक गॅस असतो कार्बन मोनॉक्साइड, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची सीट तोच पकडून बसतो. आणि बिडी गावरान आहे, पानाची आहे, म्हणून सिगरेटपेक्षा बरी असं कोणी म्हटलं तर मानू नका. बिडी सारखी विझते म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते, उलट टार जास्तच जातं आत.

हिवाळ्यात भरीत पार्टीला पऱ्हाटीवर वांगी भाजताना वारा फिरला आणि धूर आपल्याकडे आला की आपण काय करतो, डोळे मिटतो आणि उठून दुसरीकडे जाऊन बसतो, हो ना. आपलं शरीर शहाणं असतं. (चुलीचा धूर पण वाईटच, आईला सांगा स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेव म्हणून.)

आता माझ्या घरातलं सांगतो. आमचे नाना, माझे वडील, केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून ट्रकपर्यंत न थांबता जायचे. दिवसाला एक बंडल बिडी. आई बोलली की एकच उत्तर, "माले काहीच होत नही." आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच काही वाटत नव्हतं, कारण फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही. दात किडला तर ठणकतो, काटा रुतला तर कळतो, पण वायुकोशाच्या भिंती फाटत राहिल्या तरी आवाज नाही, दुखणं नाही. फुफ्फुसात शिल्लकही भरपूर असते, त्यामुळे बरंच वाया जाईपर्यंत माणूस शेतात राबत राहतो. नानांना दम लागायला लागला तेव्हा आधी वाटलं वय झालं. मग ओट्याच्या तीन पायऱ्या चढून बसावं लागायचं, खाटेच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून पुढे वाकून. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिने हट्ट केला की मेणबत्ती आजोबांनी विझवायची. तीनदा फुंकर मारली, ज्योत नुसती हलली. सगळे गप्प झालो. डॉक्टरांनी सांगितलं सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा दम लागण्याचा कायमचा आजार, आणि फाटलेले वायुकोश परत येत नाहीत.

ते कसं वाटतं तुम्हाला दाखवतो. दमा असेल त्याने करू नका, फक्त बघा. बाकीचे, पूर्ण श्वास घ्या. आता थोडाच सोडा, अगदी थोडा, आणि त्याच्यावरच परत घ्या. परत थोडा सोडा, परत घ्या. बस, सोडा आता. जागाच उरली नाही ना आत? जुनी हवा बाहेर निघत नाही म्हणून नवी शिरत नाही. नाना आठ वर्षं असे होते.

आणि हे फक्त ओढणाऱ्याचं नाही. थंडीत दार लावून घरात कोणी बिडी ओढली की तो धूर पाळण्यातलं बाळ पण घेतं, त्याच्या नळ्या बारीक आणि श्वास भरभर, मग दमा, न्यूमोनिया, कान फुटणं. खिडकी उघडून भागत नाही, ओढायचंच असेल तर घराच्या बाहेर.

तुमच्यातल्या किती जणांना घरचे टपरीवर बिडी आणायला पाठवतात? हात वर नका करू, मला माहितीये. तर ऐका, २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डात तर कोणालाच विकता येत नाही. आता कोणी पाठवलं तर सांगा, "आबा, दुकानदार देत नाही, मी लहान आहे." उलट बोलणं नाही हे, खरं आहे.

आणि घरात कोणी ओढत असेल तर त्याला घालून पाडून बोलू नका. नाना सोडायचा प्रयत्न करायचे, तिसऱ्या दिवशी चिडचिड व्हायची, निकोटीनची ओढ असते ती, माणूस वाईट नसतो. त्यांना एवढं सांगा की बंद केल्यावर दिवसभरात रक्तातला तो गॅस उतरतो, काही महिन्यात खोकला आणि दम कमी होतो, दहा वर्षांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्मा होतो. सरकारचा फोन आहे, फुकट, १८००-११-२३५६, सोडायला मदत करतात. फळ्यावर लिहिलाय, वहीत उतरवा आणि घरी दाखवा.

मला हा नंबर तेव्हा माहीत नव्हता.

चला, पाचवीच्या रांगेपासून एकेक जण पुढे या आणि कापूस जवळून बघून जा. हात लावू नका, वास घेतला तरी चालेल.