२० डिसेंबरचं पत्र

अमेयने निळं आंतर्देशीय पत्र टेबलावर सपाट केलं. घडीवरची शाई उडाली होती आणि उघडताना डिंकाच्या कडेबरोबर दोन शब्द केव्हाच फाटून गेले होते. कागद दिव्याखाली तिरका धरला की निबाचे ओरखडे दिसत. तेवढ्याने अक्षर लागलं नाही तर फोटो काढून मोठा करायचा.

आजी पलंगावर खिडकीकडे पाठ करून बसली होती. काचबिंदूने आधी कडेची नजर नेली, मग मधलीही. पत्रं इंग्रजीत होती, कारण १९६७ साली कराडच्या घरी टपाल आधी सासऱ्यांच्या हातात पडे आणि त्यांना इंग्रजी येत नसे. आजी मॅट्रिक, डिक्शनरी घेऊन माळ्यावर बसायची. आता म्हणते, इंग्रजी ऐकून डोक्यात शिरत नाही, मराठीत सांग.

पहिल्या पत्रात अमेयने शब्दाला शब्द लावला, तर आजोबा नोटीस बजावतायत असं वाटायला लागलं. वाक्यं मराठीच होती, फक्त इंग्रजी कपडे घालून आलेली. तेव्हापासून तो आधी पत्र पूर्ण वाचतो, स्वतःशी बोलून बघतो, मग वहीत उतरवतो. लाजून गाळलेली ओळ आजी लगेच पकडते. त्याचा आवाज तिथे घाई करतो.

"'११ तारखेला पहाटे खोलीतली भांडी वाजली. मला वाटलं, बाहेरून ट्रक गेला. वागळे इस्टेटीत पोचल्यावर कोयनेचं कळलं. तेव्हापासून जेवण जात नाही. पोस्ट बंद होतं, म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. रात्री डोळे मिटले की तुझी वेणी दिसते, उशीवर सुटलेली...'"

"थांब. पोस्ट बंद नव्हतं."

"आजी, भूकंप झाला होता."

"माझ्या वडिलांचं पत्र १५ तारखेला आलं. आणि जेवण जात नव्हतं म्हणे! यांच्या खोलीतल्या भावोजींनीच मला सांगितलं, खानावळीत रोज भात दोनदा मागायचे."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"मराठीत लिहावं तर पत्र टाकायला सासरे जायचे, आधी वाचून. आणि इंग्रजीत मला भांडता येत नव्हतं."

अमेय हसला. आजी हसली नाही.

"ते वेणीचं परत वाच."

त्याने वाचलं, या वेळी सावकाश.

"हं. आता वही घे. आजची तारीख घाल. मायना नको, सरळ लिही. 'पत्र मिळालं. पोस्ट बंद नव्हतं.'"

"लिहिलं. वेणीचं काय लिहू?"

"ते नंतर सांगते. आधी भाताचं लिही."