डाव्या हाताचे आभार

सावईवेरे, फोंडा
5 ऑक्टोबर 2025

प्रिय बाबू,

देव बरें करूं.

एवढे लिहून पत्र संपवले असते तरी तुला पोचले असते, हे मला माहीत आहे. पण वाड्यावरच्या बैठकीत ठरले की आभार नीट लिहूनच पाठवायचे आणि मास्तर म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. घरात आपण कोकणी बोलतो, पण कागद पुढ्यात आला की माझा हात मराठीकडेच वळतो. तेव्हा सोसून घे.

तू पाठवलेली हार्ड डिस्क आम्ही गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात लावली. आपल्या चवथीच्या घुमट आरतीचे चारशे बारा फोटो आणि अठरा मिनिटांची फिल्म. चादरीचा पडदा होता, प्रोजेक्टर शाळेतून मागून आणला होता. फिल्म तीनदा दाखवावी लागली. पहिल्यांदा प्रत्येकाने फक्त स्वतःला शोधले. दुसऱ्यांदा एकमेकांना हसले. तिसऱ्यांदा मात्र मंडप गप्प झाला, आणि ते कशामुळे झाले ते तुला सांगायचे आहे.

घुमट शिकायला बसलेले पोर नेहमी उजव्या हाताकडे बघते. मडक्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेल्या चामड्यावर थाप उजव्या हाताची पडते, बोटे नाचताना दिसतात, आवाजही तिथूनच येतो असे वाटते. खरी करामत डाव्या हाताची. मागच्या लहान तोंडावर तळवा किती झाकायचा, किती उघडायचा, केव्हा सोडायचा यावर घुमट बोलते की नुसते वाजते ते ठरते. हे तोंडाने सांगून कळत नाही. आमच्या आबांनी पन्नास वर्षांत पोरांना किती वेळा सांगितले असेल, "डावो हात पळय रे!" पण ते वाजवायला बसले की डावा हात त्यांच्याच अंगाआड जातो. समोर बसलेल्याला तो दिसणार कसा?

तू आबांच्या मागे जाऊन बसलास. त्या रात्री मला तुझा थोडा रागच आला होता, आरतीच्या वेळी देवाकडे पाठ करून हा मुलगा काय करतो म्हणून. तो राग इथे मागे घेतो. फिल्ममधली ती पावणेचार मिनिटे, ज्यात आबांचा चेहरा एकदाही दिसत नाही, फक्त घुमटाचे लहान तोंड आणि त्यावर उघडझाप करणारा तळवा दिसतो, ती पाहून आमचा तेरा वर्षांचा घुमटकार ओरडला, "हें अशें?" दुसऱ्या दिवसापासून त्याची सुवारी बदलली आहे. आबांनी स्वतःला पाहून काय म्हटले असेल? "म्हजो आंगठो इतलो वयर वता?" आता तेही अंगठा सुधारत आहेत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

दुसरी गोष्ट आवाजाची. मागच्या वर्षी आम्ही मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात शामेळ आणि कासाळे एवढे चढले होते की घुमट ऐकूच येत नव्हते. तू गणपतीवर फळे टांगलेल्या माटोळीच्या खांबाला तो छोटा रेकॉर्डर वेगळा बांधलास तेव्हा काकी म्हणाली, "हे कसले नवे फळ?" पण फिल्ममध्ये घुमटाचा घुमारा अगदी पोटातून येतो. घोरपडीचे चामडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गेले, ते गेले हे योग्यच झाले, पण बकरीच्या चामड्याचा नाद पूर्वीसारखा नाही अशी म्हाताऱ्यांची कुरकुर अजून थांबलेली नाही. तुझे रेकॉर्डिंग ऐकून त्यातले दोघे तरी गप्प बसले. हे श्रेय पूर्णपणे तुझे.

पावसाने त्या दिवशी, 31 ऑगस्टला, काय छळ मांडला होता ते मी विसरलो नाही. पाचव्या दिवसाची आरती, आठ घरे, संध्याकाळी सहाला सुरू करून पहाटे दोन वाजले. दोन घरांमधली कुळागराची पायवाट, त्यात वीज गेलेली. तू कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत आणि स्वतः भिजत. दमट हवेने घुमटांची चामडी सैल पडली म्हणून पाच-सहा जण परसातल्या चुलीभोवती ती शेकत बसले होते, तो फोटो या सगळ्यात मला जास्त आवडतो. कोणी उभे राहून हसत नाही, कोणाला फोटोचे भान नाही, निखाऱ्यांचा उजेड फक्त हातांवर आणि मडक्यांवर. पूर्वी पैसे देऊन बोलावलेल्या एका फोटोग्राफरने आम्हाला आरती थांबवून ताम्हणे उंच धरायला लावली होती! त्या अल्बममध्ये आम्ही सगळे लग्नाच्या वऱ्हाडासारखे दिसतो.

कुवेतला असलेल्या आमच्या पुतण्याला फिल्म पाठवली. त्याची सलग सहावी चवथ चुकली. त्याने उत्तरात काही लिहिले नाही, फक्त आरतीतला स्वतःच्या घराचा भाग कापून परत आम्हालाच पाठवला. त्याची आई दिवसातून दोनदा तो बघते.

आता एक माफी. तुझे काही फोटो वाड्यावरच्या कोणीतरी खालचे तुझे नाव कापून पुढे पाठवले. मुद्दाम नसेल, पण चूक ती चूक. बैठकीत सांगितले आहे की यापुढे जिथे हे फोटो लावू तिथे तुझे नाव असेल, आणि लहान मुलांचे फोटो तू विचारल्याप्रमाणे आईबापांच्या होकाराशिवाय बाहेर जाणार नाहीत. तुला पुढच्या कामांसाठी दाखवायला सहीशिक्क्याचे वेगळे पत्र समितीच्या कागदावर करून दिले आहे. ते याच पाकिटात आहे.

पेट्रोलचे म्हणून दिलेले दीड हजारांचे पाकीट तू निघताना गुपचूप आरतीच्या ताटाखाली ठेवून गेलास. हे दुसऱ्या दिवशी सापडले. पणजीहून तीनदा खेपा, वेर्ण्याची शिफ्ट करून रात्री जागून एडिटिंग, आणि वर हा उद्योग. परत पाठवले तर तू घेणार नाहीस, म्हणून डिचोलीच्या कुंभाराकडून पोरांसाठी लहान घुमटांची चार मडकी आणली. चामडे चढवायचे बाकी आहे. सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य जाहीर केले खरे, पण पोरांच्या हातात घुमट द्यायचे काम वाड्यावरच करावे लागते. त्यात चार घुमटांचा वाटा तुझा.

सोबत डबा आहे. नेवऱ्या काकीच्या, आंबाड्याची करम आमच्या घरची. करम आधी संपव, ती टिकत नाही.

आणि एक दुरुस्ती, मास्तरांची सवय म्हणून. माटोळीच्या फोटोंना तू नावे दिलीस ते फार उपयोगी आहे, नव्या सुनांनाही ती यादी हवी आहे. पण सत्तावीस नंबरच्या फोटोत तू "लहान भोपळा" लिहिले आहेस, ते कवंडळ. एकतीस नंबरवरची पांढऱ्या पानांची शेरवड आहे, तिला तू फूल म्हटलेस. बाकीची बरोबर आहेत, फक्त तोरिंगाच्या फोटोत ते मागे राहून पुढे आंबाड्याचा घोस आला आहे. दुसरा फोटो असला तर पाठव.

तुझा,
मास्तरकाका
आणि वाड्यावरचे सगळे