कसे फिटावे इतके देणे?

(१५ ऑगस्ट, ध्वजवंदनानंतरचा कार्यक्रम. कविता आणि मनोगत: इयत्ता आठवी ‘ब’ची विद्यार्थिनी, नंदुरबार)

आदरणीय मुख्याध्यापक सर, सर्व गुरुजन, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, आलेले सगळे पालक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा.

मला आठ ओळींची कविता म्हणायला सांगितली होती. आठ ओळी म्हणायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. म्हणून मराठीच्या बाई म्हणाल्या, कविता म्हण आणि ती कशावरून सुचली तेही सांग. तर आधी कविता म्हणते. मागच्या रांगेतल्यांनो, खाऊ कार्यक्रम संपल्यावरच मिळणार आहे, तोवर ऐका.

ओठांवरती मिशी न ज्यांच्या, झेंडा ज्यांच्या हाती,
चौकामध्ये उभी राहिली पोरे काढुन छाती.

ताट वाढुनी बसली आई, सांजही कधिच झाली,
ओळखिची ती दारावरची थाप न परतुन आली.

किंमत याची मोजायाला पुरती कुठली नाणी?
अर्ध्या वह्या नि कोरी पाने, अर्धी उरे कहाणी.

दोरी ओढुन झेंडा खुलतो, गळते त्यातुन फूल,
कसे फिटावे इतके देणे? मी आठवितिल मूल.

आता ही पोरं कोण, ते सांगते. नंदुरबारच्या माणसाला खरं तर सांगायची गरज नाही. आपल्या माणिक चौकातून आपण रोज जातो. कुणी शाळेत येताना, कुणी भाजी घ्यायला, कुणी नुसतं फिरायला. तिथलं स्मारक सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यावरची पाचही नावं पाठ आहेत का, असं मी आमच्या वर्गात विचारलं, तेव्हा शिरीषकुमारनंतर सगळे गप्प झाले. म्हणून आज पाचही नावं घेते. शिरीषकुमार मेहता. लालदास शहा. धनसुखलाल वाणी. शशिधर केतकर. घनश्यामदास शहा.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ‘भारत छोडो’चा ठराव केला आणि गांधीजी म्हणाले, करेंगे या मरेंगे. ९ ऑगस्टला पहाटेच गांधीजींना आणि मोठ्या पुढाऱ्यांना पकडलं. म्हणजे आंदोलन सुरू झालं तेव्हा ते चालवायला मोठं माणूस फारसं बाहेर उरलंच नव्हतं. मग गावोगावी जे होते त्यांनीच ते चालवलं. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारात शाळेतल्या मुलांनी मिरवणूक काढली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आपण पश्चिम खानदेशात होतो. शिरीषकुमारच्या घरी गुजराती बोलत, म्हणून घोषणाही गुजरातीत होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं.’ आपल्याकडे अजूनही बाजारात अर्धं बोलणं गुजरातीत चालतं, अर्धं अहिराणीत, त्यामुळे ही घोषणा मला फार आपली वाटते. दुसऱ्या कुठल्या गावातून उचलून आणलेली वाटत नाही.

पोलिसांनी मिरवणूक अडवली. पांगा म्हणून सांगितलं. पोरं पांगली नाहीत. पुढे काय झालं ते गावात प्रत्येक जण थोडं वेगळं सांगतो. एका पोलिसाने मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली आणि शिरीषकुमार पुढे होऊन म्हणाला, मारायचं तर मला मारा, असं सांगतात. गोळीबार झाला आणि पाच मुलं गेली, एवढं मात्र आमच्या इतिहासाच्या पुस्तकातही आहे. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशी तो पंधरा वर्षांचा होता. सोळावा वाढदिवस साडेतीन महिन्यांवर आला होता.

आता कवितेकडे येते. पहिल्या ओळीत मी ‘मिशी’ हा शब्द घातला, तेव्हा वर्गात सगळे हसले. बाईंनीही विचारलं की इथे ‘वीर’ किंवा ‘शूर’ असं काही बसेल का. बसलं असतं, मात्राही जुळल्या असत्या. पण मी ऐकलं नाही. हुतात्मा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी खूप मोठा, फोटोतला, हार घातलेला माणूस येतो. त्याला भूक लागते, त्याचा गृहपाठ राहतो, तो आईशी भांडतो, असं वाटतच नाही. आमच्या वर्गातल्या मुलांकडे बघा. दोघातिघांना आत्ता कुठे मिसरूड फुटायला लागलंय आणि ते दिवसातून दहा वेळा आरशात बघतात. ते पाच जण यांच्यापेक्षा फार तर वर्ष-दोन वर्षांनी पुढचे असतील. म्हणून मी ‘पोरे’ लिहिलं. पोरं होती हे विसरलं की त्यांनी काय दिलं तेही कळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं ताट मी कुठे वाचलेलं नाही. ते माझ्या मनातलं आहे. पण मला खात्री आहे की त्या दिवशी नंदुरबारात पाच घरांत पाच ताटं वाढायची राहिली किंवा वाढून तशीच राहिली. मला शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला तर माझी आजी ओट्यावर येऊन उभी राहते आणि गल्लीतल्या प्रत्येकाला विचारते. मी लांबूनच चपला आपटत येते, तेव्हा ती आत जाते. आवाजावरून ओळखते. म्हणून ‘ओळखिची थाप’. पुस्तकात गोळीबार एका ओळीत संपतो. घरात तो किती वर्षं चालला असेल, हे पुस्तकात कसं मावणार?

आणि अशी घरं फक्त आपल्या गावात नव्हती. त्याच दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ ला, तिकडे सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला होता. तिथेही गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती तिथे गेले. एकाच तारखेला, आपल्यापासून इतक्या लांब. त्याच्या आधी १९३० मध्ये मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. गिरणीत काम करणारा माणूस तो. त्याच वर्षी सोलापूरला इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं एकापाठोपाठ एक मोठ्याने म्हणून बघा. मी घरी म्हणून बघितली तेव्हा बाबा म्हणाले, चौघं चार घरचे, पण गेले एकत्र. आणि चिंचवडच्या चापेकरांच्या घरातले तर तीन सख्खे भाऊ १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. एका आईचे तीन. यावर कविता लिहायचा मी प्रयत्न केला, पण मला जमली नाही.

पाचव्या ओळीत मी नाणी म्हटलंय. किंमत म्हटली की आपण रुपये मोजतो. आपल्या बाजार समितीत मिरचीचा लिलाव होतो, तिथे क्विंटलचा भाव आधी पुकारतात आणि मग माल उचलतात. स्वातंत्र्याचं तसं झालं नाही. भाव किती पडेल हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतरसुद्धा लोक देतच होते. फाळणीत लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली, त्यातूनच आजचं उल्हासनगर झालं. मराठवाड्याला निजामाकडून सुटायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडलं. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१. आपण इथे झेंडावंदन करत होतो तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, आणि १९५५ च्या १५ ऑगस्टलाच गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्यात आपल्या महाराष्ट्रातून गेलेले लोकही होते. म्हणजे आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या दिवशीसुद्धा कुणीतरी स्वातंत्र्यासाठी मरत होतं. हे मला या वर्षीच कळलं आणि मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

सहावी ओळ माझी सगळ्यात आवडती आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. आमच्याकडे वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून आई दाभणाने रफ वही शिवते. तुमच्याकडेही शिवत असतील. एकदा मी चुलतभावाच्या वह्यांची पानं काढत होते. गणिताच्या वहीत एक उदाहरण अर्धवट होतं, त्याखाली ‘उत्तर’ एवढं लिहून जागा सोडलेली होती. भाऊ आता धुळ्याला कॉलेजात आहे, त्याने ते उदाहरण नंतर दुसरीकडे सोडवलं असेल. पण त्या पाच जणांच्या वह्यांचं काय झालं असेल? सप्टेंबर महिना होता, म्हणजे सहामाहीसुद्धा व्हायची होती. वहीची निम्मीअधिक पानं कोरी असणार. कुणी ती जपून ठेवली असेल, की कुणी त्यांची रफ वही केली असेल? त्यांच्यातला कुणी डॉक्टर झाला असता, कुणी दुकान चालवलं असतं, कुणी नापासही झाला असता. नापास व्हायचाही त्यांना हक्क होता. मेले म्हणून ते मोठे झाले, हे खरं. पण म्हातारे होऊन मेले असते तर मला जास्त आवडलं असतं.

शेवटच्या दोन ओळी मघाशी तुमच्यासमोरच घडल्या. सरांनी दोरी ओढली, झेंडा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या. एक पाकळी माझ्या वेणीत अडकली आहे, मैत्रीण मला मघापासून खुणा करतेय, पण मी ती काढलेली नाही. ‘कसे फिटावे इतके देणे?’ हा प्रश्न मी विचारलाय, आणि त्याचं उत्तर कवितेत दिलेलं नाही. बाई म्हणाल्या, शेवटी ‘खूप शिकून देश घडवीन’ असं काहीतरी घाल, टाळ्या पडतील. पण मला खरंच माहीत नाही मी काय करीन. आठवीत आहे. पाच जणांचं देणं आठवीतली एक मुलगी फेडणार, असं म्हणणं मला खोटं वाटलं.

एक गोष्ट मात्र आम्ही वर्गात ठरवली आहे आणि मुख्याध्यापक सरांनी तिला परवानगी दिली आहे. येत्या ९ सप्टेंबरला आठवी ‘ब’ माणिक चौकात स्मारकावर जाणार आहे. भाषण नाही, बँड नाही. पाच जण पाच नावं वाचतील आणि प्रत्येक नावानंतर त्याच्याबद्दल जे काही शोधून मिळालं असेल ते सांगतील. शिरीषकुमारबद्दल सगळ्यांकडे आहे. बाकी चौघांबद्दल हवंय. तुमच्या आजी-आजोबांनी, शेजारच्या कुणी काही सांगितलेलं असेल, जुना फोटो असेल, तर आम्हाला सांगा. कागदावर लिहून दिलंत तरी चालेल.

दुसऱ्या वर्गातल्या ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या वर्गशिक्षकांकडे शनिवारपर्यंत नावं द्यावीत. सकाळी साडेसातला शाळेच्या गेटपाशी जमायचं आहे. पावसाचे दिवस आहेत, छत्री आणा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.