सदनिकेतील असमान व पोकळ वाजणाऱ्या टाइल्सबाबत तक्रार

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रावेत, पुणे येथील बी विंग, सदनिका क्र. ७०३ मधील सदोष फरशीकाम

महोदय,

वरील सदनिकेचा ताबा मला १२ जानेवारी २०२५ रोजी मिळाला. फरशीकामातील दोष मी जुलै महिन्यात तोंडी कळवले होते. त्यानंतर आपले साइट इंजिनिअर येऊन पाहून गेले, मात्र काम झालेले नाही, म्हणून सोबत सहा छायाचित्रे जोडून ही लेखी तक्रार करीत आहे.

छायाचित्र १ व २ दिवाणखान्यातील आहेत. बाल्कनीच्या दारासमोर शेजारशेजारच्या दोन टाइल्सच्या कडा वरखाली असून, सांध्यावर उभ्या धरलेल्या स्टीलच्या पट्टीवर तीन मिलिमीटरचा फरक स्पष्ट वाचता येतो. याच कडेला माझ्या ७४ वर्षांच्या आईचा पाय दोनदा अडखळला आहे. छायाचित्र ३ मध्ये खडूने खुणा केलेल्या अकरा टाइल्स दिसतात. लाकडी दांड्याने ठोकल्यावर त्या पोकळ वाजतात, तर लगतच्या टाइल्सचा आवाज भरीव येतो.

छायाचित्र ४ ते ६ कृपया लक्षपूर्वक पाहावीत. स्वयंपाकघरातील एक टाइल भरलेला गॅस सिलिंडर ठेवताच कोपऱ्यात तडकली आणि तिचा तुकडा निघाला. त्या तुकड्याची मागची बाजू जवळजवळ कोरी आहे, तिच्यावरील कारखान्याची नक्षीसुद्धा स्वच्छ दिसते, आणि खाली सलग थर नसून मसाल्याचे सुटे गोळे तेवढे आहेत. टाइलला खालून पूर्ण आधार नसल्यामुळेच ती पोकळ वाजते व वजन पडताच तडकते, हे यावरून उघड होते.

सांध्यांत पुन्हा ग्राउट भरून देण्याचा आपल्या इंजिनिअरांचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण ग्राउट सांध्यापुरते राहते. टाइलखालची पोकळी त्याने भरत नाही. खुणा केलेल्या अकरा, स्वयंपाकघरातील तडकलेली एक आणि वरखाली असलेल्या दोन, अशा चौदाही टाइल्स काढून, खाली पूर्ण थर देऊन, त्याच छटेच्या नव्या टाइल्स पाणसळीत बसवून द्याव्यात. उर्वरित खोल्याही माझ्यासमक्ष ठोकून तपासाव्यात. सामान हलवण्याचा व झाकण्याचा खर्च आपणच करावा.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला कामाच्या दर्जातील दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे आपल्यावर बंधनकारक आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत पाहणीची तारीख लेखी कळवावी. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मला महारेराकडे तक्रार दाखल करावी लागेल. आयुष्यभराची बचत घालून घेतलेल्या घरात आई निर्धास्तपणे चालू शकावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
सदनिकाधारक, बी-७०३

सोबत : छायाचित्रे १ ते ६, ताबापत्राची प्रत