स्टिल्ट + १४ मजली निवासी इमारतीतील प्रवासी लिफ्ट : तांत्रिक तपशील व देखभाल अटी (जळगाव)

१. लिफ्ट
दोन लिफ्ट, दोन्ही गिअरलेस, व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हसह, वेग १.५ मीटर प्रति सेकंद. प्रत्येकी १५ थांबे, प्रवास ४२ मीटर.
अ : ८ प्रवासी, ५४४ किलो, केबिन १३०० × ११०० मिमी.
ब : १३ प्रवासी, ८८४ किलो, केबिन रुंदी ११००, खोली २००० मिमी. स्ट्रेचर आडवे मावलेच पाहिजे. हीच फायर लिफ्ट. फायरमन स्विच आवश्यक, तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत ६० सेकंदांच्या आत.
प्रवासी सरासरी ६८ किलोचा धरला आहे.

२. वाहतूक विश्लेषण
५६ सदनिका × ५ = २८० रहिवासी. दोन्ही लिफ्ट ८ प्रवाशांच्याच धरल्या, म्हणजे हिशोब सावध राहतो. केबिन ८० टक्के भरली तर ६.४ प्रवासी, संभाव्य थांबे ५.३. प्रत्येक थांब्याला ८.५ सेकंद व चढ-उताराला माणशी १.५ सेकंद धरून पूर्ण फेरी १२३ सेकंदांची, दोन लिफ्टमधील अंतर ६१.५ सेकंद.

```
(३०० × ६.४ × १००) ÷ (६१.५ × २८०) = ११.१ टक्के
```

पाच मिनिटांत किमान ७.५ टक्के रहिवासी वाहून नेता आले पाहिजेत, म्हणून दोन लिफ्ट पुरतात. पण एक बंद पडली की आकडा ५.६ वर येतो. या तपशिलातल्या देखभालीच्या अटी कडक आहेत त्या एवढ्याचसाठी.

३. जळगावची हवा, माती, वीज
मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मशीनरूमवर पत्रा चालणार नाही. स्लॅबवर उष्णतारोधक थर, एक्झॉस्ट आणि एसी द्यावा. खोली ४० अंशांवर गेली की ड्राइव्ह ट्रिप होऊ शकतो, तोही ऐन दुपारी. काळ्या मातीत पावसाळ्यात पिटमध्ये पाणी झिरपते. आतून-बाहेरून वॉटरप्रूफिंग व सम्प पंप बिल्डरने करून द्यावा. दोन्ही लिफ्टला वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणणारा बॅटरीवरचा एआरडी, ब लिफ्टला जनरेटरचा पुरवठा.

४. देखभाल
हस्तांतरणानंतर १२ महिने विनामूल्य, पुढे वार्षिक करार. लिफ्ट परवाना मिळेपर्यंत एकही रहिवासी चढवायचा नाही.

दरमहा सर्व्हिस, एका वेळी एकच लिफ्ट, सकाळी ११ ते १. उन्हाळ्यात सकाळी कुरडया-पापडाच्या पराती गच्चीकडे निघतात, तेव्हा लिफ्ट बंद ठेवू नये.

बहुतेक बिघाड दरवाज्यात होतात. उंबऱ्याच्या खाचेत खडी-माती अडकते, दार पूर्ण लागत नाही, कॉन्टॅक्ट जुळत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. म्हणून खाच दर आठवड्याला सोसायटीने झाडावी. रोलर, कॉन्टॅक्ट, लॉक कंत्राटदाराने दरमहा तपासावेत. ब्रेक व एआरडी बॅटरी दर तिमाहीला, ओव्हरस्पीड गव्हर्नर वर्षातून एकदा. दोराचा व्यास १० टक्क्यांनी घटला की पूर्ण संच बदलावा, एकच दोर नव्हे.

माणूस अडकल्यास ३० मिनिटांत, इतर बिघाडास ४ तासांत तंत्रज्ञ हजर हवा. त्याचा मुक्काम जळगाव किंवा भुसावळला असावा, नाशिकहून येणारा चालणार नाही. वॉचमनने दार उघडून कोणाला ओढून काढू नये : केबिन दोन मजल्यांमध्ये असेल तर माणूस शाफ्टमध्ये पडू शकतो. इंटरकॉमवर धीर द्यावा, मेन स्विच बंद करावा. लिफ्ट २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यास प्रत्येक पुढच्या दिवसाला मासिक शुल्काच्या १० टक्के कपात. प्रत्येक भेटीची नोंद मशीनरूममधील वहीत, सचिवांच्या सहीसह. सहीशिवाय बिल मंजूर होणार नाही.