रुग्णालय प्रशासक पदासाठी अर्ज

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक

विषय : रुग्णालय प्रशासक पदासाठी अर्ज

मा. महोदय,

वरील पदासाठी मी अर्ज करत आहे. मी नऊ वर्षे रुग्णालयात काम करते आहे. सुरुवात बिलिंग काउंटरवर झाली, मग वॉर्ड समन्वयक झाले आणि गेली चार वर्षे 120 खाटांच्या रुग्णालयात सहायक प्रशासक आहे.

तिथे रुजू झाले तेव्हा कॅज्युअल्टीतले रुग्ण ट्रॉलीवर खोळंबलेले असत आणि वॉर्ड मात्र ‘फुल’ दिसत. एके दिवशी सकाळी अकराला मी प्रत्येक मजल्यावर स्वतः फिरले. राउंडमध्ये सुट्टी मिळालेले पाच रुग्ण अजून खाटेवरच होते. दोघांच्या डिस्चार्ज समरीवर सही व्हायची होती, दोघांची उरलेली औषधे फार्मसीत परत गेली नव्हती, आणि पाचव्याचे नातेवाईक बिलाची वाट पाहत बसले होते. तेव्हापासून उद्या कोणाला सुट्टी मिळू शकते, याची यादी आदल्या संध्याकाळीच निघते. आरएमओ रात्री समरीचा मसुदा करून ठेवतात आणि सिस्टर औषधे त्याच वेळी परत पाठवतात. खाट रिकामी झाली की सिस्टीममध्ये आधी ‘स्वच्छता सुरू’ असे दिसते. हाउसकीपिंग सुपरवायझरने कळवल्यावरच ती नव्या रुग्णाला मिळते. पूर्वी चार वाजता मिळणारी खाट आता बहुतेक वेळा दुपारी एकपर्यंत हाती येते. रविवारी अजून उशीर होतो, त्यावर काम सुरू आहे.

बिलिंगमधला एक प्रसंग माझ्या कायम लक्षात राहिला आहे. एका रुग्णाचा मुलगा बिलावर पेन्सिलीने खुणा करून माझ्याकडे आला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बंद केलेल्या नेब्युलायझेशनचे पैसे चार दिवसांचे लागले होते. केस पेपरवर ऑर्डर बंद झाली होती, सिस्टीममध्ये ती चालूच राहिली होती. मी त्याची माफी मागितली, बिल दुरुस्त करून दिले आणि त्याच आठवड्यापासून रोजच्या नोंदी केस पेपरशी ताडून पाहण्याचा नियम केला. नातेवाइकांना अंतरिम बिलही रोज मिळते, त्यामुळे चूक त्याच दिवशी सापडते.

हे सगळे टिकते ते सव्वाआठच्या बैठकीमुळे. आरएमओ, इन्चार्ज सिस्टर, बिलिंग, फार्मसी आणि हाउसकीपिंग दहा मिनिटे वॉर्डमध्येच उभ्याने बोलतात. सुट्टीची नावे आदल्या दिवशी सांगायला एका ज्येष्ठ सर्जनांचा विरोध होता. खाट नसल्यामुळे पुढे ढकललेल्या त्यांच्याच दोन शस्त्रक्रियांची नोंद मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि त्याच संध्याकाळी पहिले नाव कळवले.

माझा नोटीस कालावधी एक महिन्याचा आहे. अनुभवाची प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. मुलाखतीची संधी मिळाल्यास त्याआधी आपले वॉर्ड आणि बिलिंग काउंटर एकदा पाहता आले, तर मला आवडेल.

आपली विश्वासू,
अर्जदार