नमुना परत का येतो: लॅबकडून वॉर्डला पत्र

प्रति,
सर्व वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स, ब्रदर आणि इंटर्न डॉक्टर

विषय: हिमोलाइज झालेले आणि कमी भरलेले रक्तनमुने नाकारण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

लॅबमधून ‘रिपीट सॅम्पल पाठवा’ असा फोन आला की वॉर्डात नाराजी होते, याची मला कल्पना आहे. रात्री तीन वाजता, शीर सापडत नसलेल्या आजींना दुसऱ्यांदा टोचायचं म्हणजे काय असतं, हे कलेक्शनच्या ड्यूट्या केल्यामुळे मला माहीत आहे. म्हणूनच नुसता शेरा न मारता कारण लिहून कळवत आहे.

मंगळवारी रात्री फीमेल मेडिसिनमधून एक प्लेन बल्ब आला. सेंट्रीफ्यूजमधून काढला, तर पिवळसर दिसायला हवं ते सीरम कोकम सरबतासारखं लाल होतं. मशीनने पोटॅशियम ६.९ दाखवलं. तो रिपोर्ट आम्ही सोडला नाही, नवीन नमुना मागवला. त्यात ४.२ आलं. पहिला आकडा गेला असता, तर नॉर्मल पोटॅशियम असलेल्या बाईंना कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्सुलिन सुरू झालं असतं.

मला याच्या उलट प्रकाराची जास्त भीती वाटते. जुलाबाने खंगलेल्या पेशंटचं खरं पोटॅशियम २.८ असतं, पेशी फुटल्यामुळे ते ३.९ दिसतं आणि त्याला पोटॅशियम मिळतच नाही. नॉर्मल आकड्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा बदलतो. एलडीएच, एसजीओटी, फॉस्फरस यांचंही तसंच. हे वजा करून खरा आकडा काढायची कोणतीही खात्रीची रीत आमच्याकडे नाही.

पेशी बहुतेक वेळा रक्त घेतानाच फुटतात. स्पिरिट सुकायच्या आत सुई घालणं, बारीक सुईतून दट्ट्या जोरात ओढणं, टुर्निके मिनिटाहून जास्त आवळून ठेवणं, इंट्राकॅथमधून रक्त ओढणं ही नेहमीची कारणं. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सुईसकट सिरिंज रबरी झाकणात खुपसून दट्ट्या दाबल्याने. शिवाय त्यात सुई बोटात जाण्याचा धोका आहे. सुई काढून टाका, बल्बचं झाकण उघडा आणि रक्त काचेच्या कडेने हळू सोडा. मग बल्ब अलगद उलटासुलटा करा, हलवून घुसळू नका. मोठ्या माणसाला शक्यतो २१ किंवा २२ नंबरची सुई वापरा. ज्या हाताला सलाईन चालू आहे, तो हात टाळा.

आता कमी भरलेल्या बल्बांबद्दल. निळ्या झाकणाच्या पीटी-आयएनआर बल्बात ०.३ मिली सायट्रेट आधीच असतं आणि त्यात २.७ मिली रक्त लागतं, म्हणजे नऊला एक. रक्त दीडच मिली आलं, तर सायट्रेट जास्त पडतं. टेस्टसाठी आम्ही घातलेलं कॅल्शियमही ते धरून ठेवतं, गुठळी उशिरा होते आणि आयएनआर खोटा वाढतो. कृत्रिम झडप बसवलेल्या पेशंटची वॉरफरिन त्या आकड्यावर कमी केली, तर झडपेवर गुठळी होऊ शकते. त्यामुळे या बल्बात आम्ही अजिबात सवलत देत नाही. ‘थोडंच कमी आहे, चालवून घ्या’ असं कृपया सांगू नका. रेषेच्या वर भरलेलाही चालत नाही. स्काल्प व्हेनने घेताना नळीतली हवा बल्बात जाऊन रक्त कमी पडतं, म्हणून आधी एक बल्ब थोडा भरून टाकून द्या. जांभळ्या ईडीटीए बल्बात रक्त फार कमी असेल, तर पेशी आकसतात आणि सीबीसी चुकतो.

कमी पडलं म्हणून एका बल्बातलं रक्त दुसऱ्यात ओतू नका. ईडीटीएमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो. त्यातलं थोडं प्लेन बल्बात गेलं, तर पोटॅशियम भरमसाट आणि कॅल्शियम एकदम खाली दिसतं. भरायचा क्रम आधी निळा, मग प्लेन, मग जांभळा, शेवटी करड्या झाकणाचा शुगरचा बल्ब असा ठेवा.

एनआयसीयूची अडचण वेगळी आहे. बाळाचं रक्त पुरेसं मिळणार नाही असं वाटलं, तर टोचण्याआधी लॅबला फोन करा. कोणती टेस्ट आधी हवी ते ठरवू आणि छोटे बल्ब पाठवू.

एक गोष्ट मात्र आमच्याकडूनही तपासली गेली पाहिजे. नीट काढूनही एकाच पेशंटचे दोन नमुने लाल आले, तर रक्त शरीरातच फुटत असू शकतं: चुकीचं रक्त चढलं असेल, सर्पदंश असेल, जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल. अशा वेळी आम्ही नमुना परत न पाठवता ड्यूटी डॉक्टरांना लगेच फोन करू. रक्त चढवणं चालू असेल किंवा साप चावल्याची केस असेल, तर फॉर्मवर ठळक लिहा.

सोमवारपासून नाकारलेल्या प्रत्येक नमुन्याचं कारण आम्ही फॉर्मवरच लिहून देऊ आणि फोन पंधरा मिनिटांच्या आत करू. गुरुवारी दुपारी दोनला, शिफ्ट बदलताना, मी बल्ब आणि सिरिंज घेऊन मेल सर्जिकल वॉर्डात येत आहे. नाकारलेले दोन-तीन बल्बही दाखवायला आणीन. रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी शुक्रवारी रात्री साडेआठला पुन्हा येईन.

आपला,
प्रभारी, मध्यवर्ती प्रयोगशाळा